तिन्हींत पिठलंच

आमच्या बिल्डिंगमधले नाना चुका काढत नाहीत. चुका काढणारे मराठीचे मास्तर मी पुष्कळ पाहिलेत. ते ऱ्हस्व-दीर्घ दिसलं की चष्मा सरसावतात आणि दुकानाच्या पाट्यांवर जीव जाळतात. नानांची जात वेगळी. तुम्ही अगदी शुद्ध, निर्दोष वाक्य बोललात की ते समाधानानं मान डोलावतात आणि म्हणतात, "छान. आता हेच मिश्र करून सांगा."

सकाळी दुधाची पिशवी घेऊन वर येणाऱ्या नानांशी जिन्यात गाठ पडते. मी घाईत, डोंबिवलीची गर्दी आणि माझी लोकल. तरी तोंडातून निघून जातं, "नाना, गाडी सुटली म्हणून काल उशीर झाला हो." नाना दोन पायऱ्या वर थांबतात, म्हणजे मलाही थांबावं लागतं. "संयुक्त! केवल कसं कराल?" मी मुकाट्यानं "गाडी सुटल्यामुळे काल उशीर झाला" म्हणतो आणि तेवढ्यात आजचीही सुटते.

चौतीस वर्षं त्यांनी शाळेत मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर माणसं देवदेव करतात, बागकाम करतात. नानांनी वाक्यरूपांतर चालू ठेवलं. उशाशी मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' असतं, मूळ 1911 सालचं, यांच्याकडे नंतरची आवृत्ती, आणि त्यावर रक्तदाबाचं मशीन. रक्तदाब वाढला की मशीन खाली ठेवून पुस्तक उघडतात. नानींच्या मते तो वाढतो तो त्यामुळेच.

नानी या विषयातल्या खऱ्या अधिकारी. एकदा मी बसलेला असताना त्या आतून म्हणाल्या, "भाजी आणा, नाहीतर पिठलं खा."

नानांचा चेहरा उजळला. "बघा, 'नाहीतर' आलं. दोन्ही बाजू सारख्या तोलाच्या, म्हणून संयुक्त. आता मिश्र: जर भाजी आणली नाही, तर पिठलं खावं लागेल. आणि केवल: भाजी न आणल्यास पिठलं खावं लागेल."

"तिन्हींत पिठलंच आहे ना?" नानींनी विचारलं.

"हो."

"मग झालं तर."

वाक्यरूपांतराचा नियम याहून नेमका मी कुठं ऐकलेला नाही. रूप बदलायचं, पिठलं बदलायचं नाही. नानांना मात्र तो पूर्ण बांधेसूद लागतो. माझा मुलगा दहावीला असताना त्यांच्याकडे जायचा, त्याच्याकडून त्यांनी पाठ करून घेतला तो असा: केवल वाक्यात पूर्ण क्रियापद एकच असतं. त्यात 'करून', 'करताना', 'केल्यावर', 'केल्यामुळे', 'करणारा' असली घडी घातलेली क्रियापदं, म्हणजे धातुसाधितं, असतील तर ती उलगडायची. उलगडली की प्रत्येकाचं पूर्ण क्रियापद होतं आणि स्वतंत्र वाक्य उभं राहतं. मग ही वाक्यं 'आणि', 'पण', 'किंवा', 'म्हणून' अशांनी बरोबरीनं जोडली तर संयुक्त. एकाला मुख्य ठेवून दुसरं 'की', 'जो-तो', 'जेव्हा-तेव्हा', 'जर-तर', 'जरी-तरी', 'कारण' यांनी त्याच्या हाताखाली दिलं तर मिश्र. उलट यायचं तर जोडशब्द काढायचा आणि एक क्रियापद सोडून बाकीच्यांची पुन्हा घडी घालायची. काळ, नकार, अट, कारण, जे मूळ वाक्यात असेल ते तसंच राहिलं पाहिजे.

"घडी" हा शब्द नानांचाच. त्यांच्याकडे धोतरं होती तेव्हापासूनचा.

मुलगा चिकित्सक. त्यानं 'म्हणून' पकडला. 'गाडी सुटली म्हणून मी थांबलो' हे संयुक्त, तर पुस्तकात 'गाडी मिळावी म्हणून मी धावलो' हे मिश्र का? शब्द तर एकच! नाना इतके खूश झाले की नानींना चहा टाकायला सांगितला, तोही साध्या वाक्यात. मग म्हणाले, "म्हणून काढ आणि त्यामुळे घालून बघ. गाडी सुटली, त्यामुळे मी थांबलो. बसतंय? बसतंय. घडलेल्या गोष्टीचा परिणाम आहे, म्हणून संयुक्त. आता, गाडी मिळावी, त्यामुळे मी धावलो. कसं वाटतं?"

"विचित्र."

"कारण गाडी अजून मिळालेलीच नाही. 'मिळावी' ही इच्छा आहे, हेतू आहे. हेतू धावण्याच्या हाताखाली येतो. मिश्र. त्याचं केवल: गाडी मिळवण्यासाठी मी धावलो. तिथं 'मिळाल्यामुळे' लिहिलंस तर गाडी फुकटात मिळवलीस आणि मार्क घालवलास."

पोरानं लगेच दुसरा खडा टाकला. सामना रद्द झाला, कारण पाऊस आला. 'कारण' काढलं तरी दोन्ही वाक्यं आपापल्या पायावर उभी राहतात, मग हे मिश्र कसं? नाना थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले. "राहतात खरी," म्हणाले, "पण 'कारण' हे गौणत्वबोधकांत मोडतं. परीक्षेत मिश्र लिही. बाकीचं आपण निकालानंतर बोलू." ते बोलणं अजून झालेलं नाही. माझ्या मते मास्तरानं एवढं कबूल करणं हे चौतीस वर्षांच्या शिकवण्याइतकंच आहे.

पण नाना खरे कळले ते टाकीच्या प्रकरणात.

एका सकाळी बिल्डिंगची खालची टाकी कोरडी. खाली बोर्डावर सेक्रेटरींची नोटीस: 'रात्री पंप चालू ठेवून वॉचमन झोपल्यामुळे खालच्या टाकीतील सर्व पाणी वाहून गेले.' पंधरावीस माणसं रिकाम्या बादल्यांसारखी तिथं उभी. वॉचमनवर तोंडसुख घेणं चाललं होतं. नाना आले, चष्मा लावला, वाचलं आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "छान. केवल आहे. संयुक्त करून बघू."

कुणीतरी "आता नको हो नाना" म्हणालं. पण नाना उलगडायला लागले होते.

"पूर्ण क्रियापद एकच, 'वाहून गेले'. घडी घातलेली दोन. 'झोपल्यामुळे' सोपं आहे. वॉचमन जवळच बसलाय, तोच झोपला. राहिलं 'ठेवून'. पंप चालू ठेवला. कोणी?"

सगळे गप्प.

"वाक्यात नाही," नाना म्हणाले. "'ऊन' लावलेल्या क्रियापदाचा कर्ता सांगितला नसेल, तर तो पुढच्या क्रियापदाकडून उसना घ्यायचा. 'पाऊस पडून रस्ता खचला' म्हटलं तर तिथं पाऊस स्वतः हजर आहे, प्रश्न नाही. इथं कोणीच हजर नाही. पुढचा कर्ता वॉचमन. म्हणजे संयुक्त वाक्य झालं: वॉचमनने पंप चालू ठेवला, तो झोपला आणि पाणी वाहून गेले."

तेव्हा मागून वॉचमन म्हणाला, "नाना, झोप लागली, ते कबूल. पण पंप मी नाही लावला. किल्ली साहेबांकडं असते."

सगळ्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरी म्हणाले, "अहो पण तो झोपला होता ना?"

"झोपला होता," नाना शांतपणे म्हणाले. "ते 'झोपल्यामुळे'त आलंच आहे. प्रश्न 'ठेवून'चा आहे. कर्ता वेगळा असून वाक्यात सांगितलेला नसेल तर 'ऊन' चालत नाही, 'ठेवल्यावर' म्हणायचं आणि कर्ता लिहायचा. जिन्यात कुत्रा चावला तेव्हा तुम्हीच सांगत होतात, 'वर जाताना मला कुत्रा चावला.' वर तुम्ही जात होतात की कुत्रा, ते शेवटपर्यंत कळलं नाही."

संध्याकाळी मीटिंग झाली, विषय एकच, नोटीस नव्यानं लिहिणे. नानांनी पाठकोऱ्या कागदावर तिन्ही रूपं आणली होती. पहिलं संयुक्त: 'सेक्रेटरींनी पंप चालू ठेवला, वॉचमन झोपला आणि पाणी वाहून गेले.' सेक्रेटरींचं म्हणणं, यात माझं नाव सुरुवातीलाच येतं. नाना म्हणाले, घडलं त्याच क्रमानं लिहिलंय. दुसरं मिश्र: 'पाणी वाहून गेले, कारण सेक्रेटरींनी चालू ठेवलेला पंप बंद करण्याच्या वेळी वॉचमन झोपला होता.' हे सेक्रेटरींना एकदम पसंत. त्यांची करणी 'चालू ठेवलेला' या विशेषणात घडी होऊन बसली होती आणि झोप पूर्ण क्रियापद होऊन पुढे आली होती. वॉचमननं त्यावर फक्त नानांकडे बघितलं. तिसरं केवल इतकं लांब झालं होतं की चेअरमनना ते वाचताना मध्ये श्वास घ्यावा लागला.

"नाना, तिन्हींचा अर्थ तोच ना?" चेअरमननी विचारलं.

"अर्थ तोच."

"मग भांडण कशाचं?"

या प्रश्नावर नाना प्रथमच अडखळले. अर्थ तोच होता, नियम मोडला नव्हता; पण बरोबरीनं उभं केलेलं आणि हाताखाली दिलेलं यात काहीतरी हललं होतं, आणि सेक्रेटरींना ते व्याकरण न शिकता कळलं होतं. घरी गेल्यावर नानींनी ते सोडवलं. "पिठलं तेच हो," म्हणाल्या, "पण कोणी करपवलं ते आधी सांगायचं की नंतर, एवढंच आहे."

शेवटी झालेल्या गोष्टीबद्दल काही न लिहिता पुढच्याबद्दल लिहायचं ठरलं. बोर्डावर नवी नोटीस लागली: 'जो पंप सुरू करील, त्यानेच तो बंद करावा.' मिश्र, विशेषणवाक्य, कर्ता ठळक. दोन दिवसांनी तिच्याखाली पेन्सिलीनं एक ओळ दिसली: 'पंप सुरू करणाऱ्यानेच तो बंद करावा. (केवल.)' अक्षर ओळखायला वेळ लागला नाही.

गेल्या महिन्यात पंपाला टायमर बसवला. दोन्ही ओळी अजून बोर्डावर आहेत.