मुंग्याराव

आमच्या डोंबिवलीच्या जिममध्ये रात्री आठच्या सुमारास एक गृहस्थ येतात. त्यांचं खरं नाव रजिस्टरात असेल, आम्ही त्यांना मुंग्याराव म्हणतो. वय बत्तीस, वजन पासष्ट किलो, आणि पाठीवरच्या सॅकमध्ये जवळजवळ त्यांच्या डोक्याएवढा काळा डबा. डब्यावर वीज कडाडलेली आणि आत निळसर पावडर. चव कच्च्या आंब्याची आहे असं डब्यावर लिहिलंय, पण आंब्याला ते कुणी कळवलेलं नसावं.

मुंग्याराव थेट वजनांकडे जात नाहीत. आधी शेकर खळखळवतात, पावडरीचं पाणी एका दमात पितात, बाकड्यावर बसतात आणि घड्याळ बघतात. पंधरा-वीस मिनिटांनी कान लाल होतात, मान खाजू लागते. मग चेहऱ्यावर समाधान पसरतं. "आल्या!" ते जाहीर करतात. "मुंग्या आल्या. आता लागू पडलं."

पहिल्यांदा हे घरी घडलं, तेव्हा त्यांच्या आजीने नायट्याचं मलम काढलं होतं.

आमचा ट्रेनर कमी बोलतो, पण एकदा त्याने डबा हातात घेऊन लेबल वाचलं. "राव, या मुंग्या बीटा-अ‍ॅलानीनच्या. एका चमच्यात तीन ग्रॅम आहे. एवढं एकदम पोटात गेलं की कातडीतल्या काही नसा चाळवतात. तासाभरात ओसरतं. अपाय नाही, पण त्याचा ताकदीशीही संबंध नाही."

"मग ते डब्यात घालतात कशाला?"

"काम करतं ना, पण आज घेतलेलं आज नाही. रोज तीन ते सहा ग्रॅम, असं महिनाभर घेतलं की स्नायूंत कार्नोसिन साठतं. जोर लावताना स्नायूंत आम्लता वाढते, ती ते थोडी थोपवतं. रोज म्हणजे सुट्टीच्या दिवशीही. तुम्ही येता आठवड्यातून तीनदा. शिवाय फायदा होतो तो मुख्यतः एक ते चार मिनिटं सलग दम काढायच्या कामात, आठशे मीटर पळण्यासारख्या. तुमचा सेट तीस सेकंदांचा, आणि पुढची पाच मिनिटं मोबाइल."

मुंग्याराव दुखावले. "पण मग मला जोर येतो तो कसला?"

"कॅफीनचा. चमच्यात तीनशे मिलिग्रॅम आहे."

हा मुद्दा मला लागू होता, कारण मी कॉफीवाला. साध्या इन्स्टंट कॉफीच्या एका चहाच्या चमच्यात साठेक मिलिग्रॅम कॅफीन असतं. चिकोरी मिसळलेली असेल तर त्याहून कमी. म्हणजे मुंग्याराव दर खेपेला पाच कप कॉफी एका घोटात पीत होते, आणि सोमवारी छातीचा व्यायाम म्हणून दोन चमचे, म्हणजे दहा कप! निरोगी प्रौढाने दिवसभरात चारशे मिलिग्रॅमच्या आत राहावं असं सांगतात. त्या सोमवारी त्यांचे हात थरथरत होते, छाती धडधडत होती, आणि ते आम्हाला "पंप" कसा आलाय ते दाखवत होते. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्याने तर या डब्याच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये.

पुढचा हिशेब रात्रीचा. कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. आठ वाजता घेतलेल्या तीनशेतलं दीडशे रात्री एकलाही अंगात असतं. म्हणून मुंग्याराव दोन वाजता ग्रूपवर "झोपेचं महत्त्व" फॉरवर्ड करतात, सकाळी ७:५२ ची लोकल चुकवतात, दिवसभर पेंगतात आणि पुढच्या खेपेला मरगळ घालवायला पुन्हा चमचा भरतात.

कॅफीनने व्यायामात खरोखर मदत होते. त्यासाठी किलोमागे तीन मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे त्यांना दोनशेच्या आतबाहेर. डबा अठराशेचा, चमचे तीस; एक चमचा साठ रुपयांना. मी त्यांना एक दिवस साडेसहालाच बोलावलं आणि घरून नेलेली तीन चमच्यांची काळी कॉफी पाजली. खर्च दहा-बारा रुपये. अर्ध्या-पाऊण तासाने त्यांनी नेहमीचंच वजन, नेहमीइतक्याच वेळा उचललं. रात्री अकराला झोपलेही.

दुसऱ्या दिवशी भेटले ते खट्टू. "काका, व्यायाम झाला, पण मजा नाही आली. मुंग्याच नाहीत."

गेल्या आठवड्यात नवा डबा आला. त्यावर कॅफीन किती, बीटा-अ‍ॅलानीन किती, काही लिहिलेलं नाही. नुसतं "खास मिश्रण", आठ ग्रॅम. असा डबा घेऊ नका, आत काय किती आहे ते कळायला मार्गच नाही, असं ट्रेनरने सांगितलं. मुंग्यारावांनी ऐकून घेतलं, शेकर खळखळवला आणि बाकड्यावर घड्याळ बघत बसले.

मी मनाशी भाग केले. साठातले बारा रुपये कॉफीचे. उरलेले अठ्ठेचाळीस मुंग्यांचे. आमच्या घरी साखर सांडली की फुकट येतात.