एक दुकान, तीन साठे

दसऱ्याच्या आदल्या रात्री आमच्या तालुक्याच्या पेठेतलं एक कापड दुकान जळालं. कारण शॉर्टसर्किट. दिवाळीचा माल नुकताच भरलेला, त्यामुळे पेठ मनापासून हळहळली. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘सुमारे एक कोटीचे नुकसान’ असं छापून आलं. सभेची गर्दी आणि आगीचं नुकसान हे दोन आकडे आपल्याकडे कायम गोल असतात, तेव्हा ते कुणी मनावर घेतलं नाही. विमा कंपनीने मात्र सर्व्हेअर पाठवला आणि त्याने अगदीच भाबडा प्रश्न विचारला, ‘दुकानात माल किती होता?’

दुकान अण्णा आणि बापू या दोन भावांच्या भागीदारी पेढीचं. त्यांच्याकडे या प्रश्नाची एक नाही, तीन उत्तरं तयार होती आणि तिन्हींवर पेढीचा शिक्का होता. सप्टेंबरअखेर बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल 40 लाखांचा. 31 मार्चच्या ताळेबंदात 18 लाखांचा. आणि विम्याची पॉलिसी 15 लाखांची.

यात अण्णांना काही वावगं वाटत नव्हतं. बँकेची सीसी मर्यादा मालावर ठरते, म्हणून बँकेला दुकान भरलेलं दिसायला हवं. विम्याचा हप्ता मालावर ठरतो, म्हणून विमावाल्याला ते निम्मं रिकामं दिसलेलं बरं. आणि वर्षअखेरीचा शिल्लक साठा जितका कमी दाखवावा तितका नफा कमी दिसतो, म्हणून आयकर खात्यापुढे मांडण्या जवळजवळ ओस. ज्याला जे पाहून आनंद होईल ते त्याला दाखवायचं, हे तर गिऱ्हाइकीचं पहिलं सूत्र. ही तीन गिऱ्हाइकं कधी एकाच वेळी दुकानात येत नाहीत, एवढाच काय तो हिशेब होता. आगीने तिघांना एकाच दिवशी आणून बसवलं.

सर्व्हेअरने आधी जळालेलं दुकान पाहिलं. कापडाची थप्पी कागदासारखी भुर्रकन जळत नाही. तागा घट्ट गुंडाळलेला असेल तर कडा कोळसा होतात आणि आत हात घातला की ओलं, धुरकट पण शाबूत कापड लागतं. मागच्या भिंतीच्या मांडणीतला असा माल त्याने वेगळा काढून मोजायला लावला. भिजलेल्या, डाग पडलेल्या मालाला 3 लाख येतील असं ठरलं. बाकी राखेचे नग मोजता येत नाहीत. बापूंनी कॉम्प्युटरातला स्टॉक दाखवायचं कबूल केलं, पण त्यात विक्रीची नोंद रकमेने होती, नगाने नव्हती. मग सर्व्हेअरने वहीतून माल उभा करायला घेतला.

रीत सोपी आहे. वर्षाच्या सुरुवातीला होता तो माल, अधिक आगीच्या दिवसापर्यंतची खरेदी, वजा विकून गेलेला माल. जो उरतो तो आगीच्या वेळी दुकानात असायला हवा. मेख एवढीच, की विक्रीचा आकडा विकायच्या भावाचा असतो आणि साठा खरेदीच्या भावाने मोजायचा असतो. विमा मालाचा असतो, होऊ घातलेल्या नफ्याचा नसतो. म्हणून विक्रीतून नफा सोलून काढावा लागतो आणि तो किती सोलायचा हे मागच्या वर्षाच्या ढोबळ नफ्याच्या दरावरून ठरवतात.

मागच्या वर्षीचं व्यापार खातं असं होतं. आरंभीचा साठा 15 लाख, खरेदी 84 लाख, अखेरचा साठा 18 लाख. म्हणजे 81 लाखांचा माल विकला गेला. विक्री 90 लाखांची. ढोबळ नफा 9 लाख, दर 10 टक्के.

यंदा 1 एप्रिलपासून आगीच्या रात्रीपर्यंत विक्री 50 लाखांची आणि खरेदी वहीप्रमाणे 55 लाखांची. हे दोन्ही आकडे जीएसटीच्या पोर्टलवर पडताळता येत होते आणि तिथवर आग पोचत नाही. खरेदीवर मात्र सर्व्हेअरने पेन्सिल टेकवली. ‘या 2 लाखांच्या बिलातला माल कुठाय?’ तो सुरतेहून निघून ट्रान्सपोर्टच्या गोदामात सुखरूप पडला होता. वहीत आला होता, दुकानात नव्हता. वजा. ‘आणि मे महिन्यात घरात काही कार्य?’ बापूंच्या मुलीचं लग्न झालं होतं. मानपानाच्या साड्या दुकानातूनच गेल्या होत्या, कोणी बिल फाडलं नव्हतं. पेठेत स्वतःच्या मुलीच्या लग्नाची साडी दुसऱ्याच्या दुकानातून कोण घेईल? खरेदीभावाने 1 लाख. तेही वजा. उरली 52 लाखांची खरेदी.

अण्णांनी आषाढातल्या सेलचा मुद्दा काढला. त्या महिन्यात माल जवळजवळ पडत्या भावाने जातो, तो वेगळा धरा म्हणाले. सर्व्हेअरने मागच्या वर्षीची आषाढाची बिलं मागितली. तेव्हाही तोच सेल, तितकीच विक्री. म्हणजे सेलचा फटका 10 टक्क्यांच्या दरात आधीच बसलेला आहे, पुन्हा कशाला? यंदाच सेल लावला असता, किंवा यंदा शाळेच्या गणवेशाऐवजी पैठण्यांचा धंदा वाढला असता, तर जुना दर जसाच्या तसा चालला नसता. तसं काही झालं नव्हतं. पेढी बापजाद्यांपासून एकाच चालीने चालत होती आणि त्याचा तिला अभिमानही होता.

तेव्हा गणित असं. 50 लाखांच्या विक्रीतून 10 टक्के नफा काढला की 45 लाखांचा माल विकला गेला. 18 अधिक 52 म्हणजे 70, त्यातून 45 गेले. आगीच्या रात्री दुकानात माल 25 लाखांचा.

अण्णा उभेच राहिले. ‘साहेब, कापडात 10 टक्क्यांवर कोण दुकान चालवतं? आम्हाला 20 सुटतात!’

‘मग वहीत 10 का?’

या प्रश्नाचं उत्तर पेढीच्या सीएंना ठाऊक होतं, म्हणून ते खिडकीबाहेर पाहू लागले. 31 मार्चला माल खरं तर 27 लाखांचा होता. ताळेबंदात 18 दाखवले. त्यामुळे 9 लाखांचा नफा नाहीसा झाला आणि दर 20 वरून 10 वर आला. दाबलेल्या या रकमेने आगीपर्यंत कुणाला त्रास दिला नव्हता.

आगीनंतर मात्र तिने दोन्हीकडून चावा घेतला. आरंभीचा साठा कमी धरला गेला तो एक. आणि नफ्याचा दर कमी, म्हणजे विकून गेलेला माल जास्त, म्हणजे उरलेला माल आणखी कमी, हा दुसरा. खऱ्या आकड्यांनी मांडणी केली तर 27 अधिक 52, वजा 40. दुकानात 39 लाखांचा माल होता. बँकेला दिलेलं स्टेटमेंट जवळपास खरं होतं! त्या पेढीच्या इतिहासात सरकारी कागदावर इतका खरा आकडा प्रथमच सापडला असावा. पण स्टेटमेंट मालकानेच लिहिलेलं, आणि ताळेबंदही त्याचाच, तोही लेखापरीक्षित. दोन्हींतलं कोणतं खोटं हे मालकानेच सांगायचं होतं.

‘लिहून द्या,’ सर्व्हेअर म्हणाला. ‘31 मार्चचा साठा 9 लाखांनी कमी दाखवला होता, असं सहीशिक्क्यानिशी द्या. मी विचार करतो.’

आता अण्णांच्या डोक्यात दुसरा हिशेब सुरू झाला. भागीदारी पेढीला कर सरळ 30 टक्के. 9 लाखांवर 2 लाख 70 हजार, शिवाय उपकर, व्याज, आणि उत्पन्न मुद्दाम चुकीचं दाखवलं असं ठरलं तर कराच्या दुप्पट दंड. पण समोर 25 आणि 39 लाखांमधला फरक होता. चौदा लाख! एवढ्यासाठी माणूस खरं बोलायलाही तयार होतो. त्यांनी पेन मागवलं.

तेवढ्यात बापूंनी, धाकट्या भावांना शोभेल अशा आवाजात, विचारलं, ‘पण विमा तर पंधराचाच आहे ना?’

सर्व्हेअरने कॅल्क्युलेटर त्यांच्याकडे वळवला. वहीप्रमाणे माल 25 लाखांचा, विमा 15 लाखांचा. म्हणजे प्रत्येक रुपयातल्या साठ पैशांचा विमा कंपनीकडे होता. उरलेल्या चाळीस पैशांचे विमेदार आणि विमा कंपनी दोन्ही अण्णाच, फक्त त्यांनी स्वतःकडून हप्ता वसूल केला नव्हता. छोट्या दुकानांच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंत कमी विमा माफ असतो. इथे तो 40 टक्के कमी होता. तेव्हा वाचलेला 3 लाखांचा माल वजा जाता नुकसान 22 लाख आणि त्यातले साठ टक्के, 13 लाख 20 हजार. पॉलिसीतली ठरलेली वजावट वेगळी.

‘आणि खरं सांगितलं तर?’

माल 39 लाखांचा, नुकसान 36 लाख. विमा पुन्हा 15 लाखांचाच. 36 गुणिले 15 भागिले 39. कॅल्क्युलेटरने उत्तर दिलं, 13 लाख 85 हजारांच्या आत.

साठा चौदा लाखांनी वाढला आणि दावा 65 हजारांनी. कमी विम्याच्या पॉलिसीत माल जितका जास्त सिद्ध कराल तितका प्रत्येक रुपयाचा मोबदला कमी होत जातो, आणि सगळा माल जळाला तरी 15 लाखांच्या वर दमडी मिळत नाही. नफ्याच्या दरावरून सर्व्हेअरशी महिनाभर भांडावं असं अण्णांच्या मनात होतं. पण तो दर कितीही धरला तरी दाव्याची कमाल रक्कम अण्णांनी पॉलिसी घेताना, काही हजारांचा हप्ता वाचवण्याच्या आनंदात, स्वतःच लिहून दिली होती. 65 हजारांसाठी 2 लाख 70 हजारांचा कर आणि दंडाची टांगती तलवार कोण घेईल? अण्णांनी पेनाचं टोपण लावलं. ‘दहा टक्केच बरोबर आहेत,’ ते म्हणाले. ‘हल्ली धंद्यात राहिलंय काय?’

दाव्याची रक्कम आली ती दुकानाच्या खात्यात रेंगाळलीच नाही. माल बँकेकडे गहाण आणि पॉलिसीत बँकेचं नाव, म्हणून ती थेट सीसी खात्यात गेली. बँकेने 40 लाखांच्या मालावर पाव हिस्सा सोडून 30 लाखांपर्यंत उचल दिली होती आणि अण्णांनी ती जवळपास सगळी वापरली होती. मॅनेजर साहेबांनी सहानुभूती व्यक्त केली आणि उरलेल्या रकमेसाठी घराची कागदपत्रं आणायला सांगितली.

दुकान उधारीवर पुन्हा सुरू झालं. नवी पॉलिसी काढताना भावांनी रक्कम चाळीस लाख लिहिली. पुढच्या 31 मार्चला रात्री माल मोजून झाल्यावर बापूंनी सीएंना फोन लावला. ‘साहेब, यंदा साठा खरा दाखवायचा असं आमचं ठरलंय.’

‘छान. कर साधारण एवढा बसेल,’ म्हणून सीएंनी आकडा सांगितला.

पलीकडे दोन भावांची बराच वेळ कुजबुज झाली. मग अण्णांनी फोन घेतला. ‘असं करा,’ ते म्हणाले, ‘यंदा निम्मा खरा दाखवा.’