साहेब येणार आहेत

जपानी शिकायला लागलो तेव्हा त्या भाषेची सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे अनेकवचन पाठ करावं लागत नाही. 'होन' म्हणजे पुस्तक. टेबलावर एक असलं तरी होन आणि अख्खं ग्रंथालय असलं तरी होन. शेजारच्या वर्गात जर्मनवाले अनेकवचनांचे तक्ते घोकत घाम गाळायचे आणि आम्ही त्यांच्याकडे पाहून दात काढायचो. 'ताची' नावाचा एक प्रत्यय होता, पण तोही गमतीचा. 'तानाका-सान-ताची' म्हणजे अनेक तानाका नव्हेत, तर तानाका आणि त्यांच्याबरोबरची माणसं. आपण 'जोशी मंडळी आली' म्हणतो ना, तसंच.

पुढे चाकणच्या एका कारखान्यात भाषांतरकार म्हणून चिकटलो आणि हसण्याचं बिल आलं.

जपानहून मेल आली की पुढच्या मंगळवारी मशीन बसवण्यासाठी 'गिजुत्सुशा' येतील. गिजुत्सुशा म्हणजे इंजिनिअर. क्रियापद होतं 'उकागाइमास'. लिहिणारा किती नम्र आहे हे या क्रियापदातून अचूक कळतं. नम्र झालेली डोकी किती हे मात्र कळत नाही. जपानी क्रियापदाला कर्त्याच्या वचनाशी देणंघेणंच नसतं. मला हे इंग्रजीत करायचं होतं, आणि इंग्रजी वाक्य आकडा सांगितल्याशिवाय सुरूच होईना. आधी 'अॅन' तरी लावा, नाहीतर शेवटी 'एस' तरी. मी 'अॅन इंजिनिअर' लिहून मोकळा झालो. का, तर माझ्या डोळ्यांसमोर एक चष्मेवाला, सडपातळ, हातात ब्रीफकेस घेतलेला माणूस उभा राहिला होता. मेलमध्ये त्याचा पत्ता नव्हता.

गाडी ठरवायला ट्रॅव्हल्सवाल्याला फोन केला. म्हटलं, "जपानचे साहेब येणार आहेत."

"किती जण?" त्याने विचारलं.

भाषेचा डिप्लोमा माझ्याकडे होता, पण योग्य प्रश्न त्याला सुचला. मी समोरचा कागद पाहिला. त्यावर स्वच्छ 'अॅन' होतं, तेही टाइप केलेलं. ते मीच सकाळी टाइप केलंय हे विसरून मी ठामपणे म्हणालो, "एक."

मुंबई विमानतळावर मध्यरात्री पाटी धरून उभा राहिलो, तर पाटीकडे बघून पाच जण वाकले. मीही वाकलो, तेवढा वेळ तरी विचार करायला मिळाला. बाहेर एक गाडी, हॉटेलात एक खोली आणि माझ्या हातात एक पुष्पगुच्छ. तो गुच्छ ज्येष्ठतेनुसार पाचही हातांतून फिरला आणि शेवटी ड्रायव्हरकडे आला.

गंमत म्हणजे हीच मेल मराठीत करायची असती तर मी कधीच सापडलो नसतो. 'इंजिनिअर येणार आहेत.' एकच आला तर ते आदरार्थी, पाच आले तर ते अनेकवचन. 'इंजिनिअर' दोन्हीकडे तसाच राहतो. आपल्या पूर्वजांनी मानापानाच्या सोयीसाठी केलेली ही तजवीज भाषांतरकाराच्या किती कामाची आहे, हे व्याकरणाच्या पुस्तकात कुणी लिहीत नाही.

अर्थात ती फक्त माणसांपुरती. बाशोची १६८६ सालची ती प्रसिद्ध हायकू घ्या, जुनं तळं आणि बेडूक. 'कावाझु' एक की अनेक, हे जपानी सांगत नाही. बहुतेक इंग्रजी भाषांतरकार एकच बेडूक उडवतात, पण लाफ्कादियो हर्नने अनेक उडवले होते. आणि हा हर्न वर्षानुवर्षं जपानात राहिलेला, तिथेच लग्न केलेला माणूस! मराठीत 'बेडूक' हा शब्द दोन्ही वचनांत सारखाच, त्यामुळे क्षणभर वाटतं सुटलो. पण क्रियापद आलं की 'मारतो' किंवा 'मारतात' ठरवावंच लागतं. बेडकाला आदरार्थी बोलायची पद्धत नाही.

पाच जणांच्या धसक्याने मी सरसकट 'एस' लावायला लागलो. 'मॅनेजर्स' येणार म्हणून कॉन्फरन्स रूम बुक केली, तर एकटे मॅनेजर आले आणि बारा खुर्च्यांच्या मधोमध बसून अवघडून चहा प्यायले. मग मी कंसातल्या 'एस'चा आश्रय घेतला. 'इंजिनिअर' आणि पुढे कंसात एस. पण कंस एका शब्दावर थांबत नाही. त्याच्यामागून क्रियापदात 'इज' तिरकी रेघ 'आर', मग 'हिज' तिरकी रेघ 'देअर'. माझी मॅन्युअलं कागदाला वाळवी लागल्यासारखी दिसायला लागली.

खरी युक्ती नंतर कळली. जपानी आकडा लपवत नाही. तो नामाला चिकटवत नाही एवढंच. आजूबाजूला शोधावा लागतो. क्रियापद 'आत्सुमारु', म्हणजे जमणं, असेल तर माणसं एकाहून जास्त असणार. एकटा माणूस जमत नाही. नामाआधी 'काकु' म्हणजे 'प्रत्येक' आलं की तेच. आणि काहीच सापडलं नाही तर इंग्रजीतच पळवाट काढायची: इंजिनिअरऐवजी 'टेक्निकल स्टाफ' म्हणायचं. स्टाफमध्ये एकही बसतो, पन्नासही.

पण बोल्टला स्टाफ म्हणता येत नाही. मॅन्युअलमध्ये वाक्य होतं: बोल्ट काढून कव्हर उचला. चित्रात बोल्ट दोन दिसत होते. मी 'टू बोल्ट्स' लिहिणार, एवढ्यात सुट्या भागांचा तक्ता आठवला. जपानी ड्रॉइंगवर 'इन्झू' नावाचा रकाना असतो, नग किती ते सांगणारा. तिथे आकडा होता ४. मी खूश. मग लक्षात आलं की कव्हरलासुद्धा वचन नाही. एका कव्हरला चार, की दोन कव्हरांना दोन-दोन? कव्हर वेगळ्या पानावर होतं आणि ते पान आमच्याकडे आलंच नव्हतं.

शेवटी लाज सोडून शॉपफ्लोअरवर गेलो. फोरमनने मला मशीनच्या मागे नेलं, टॉर्च मारला आणि तेलकट फडक्याने पुसून दाखवलं. कव्हर एकच, दोन बोल्ट पुढे, दोन मागे, भिंतीकडच्या अंधारात.

"दोनच लिहिलं असतंत ना," तो म्हणाला, "तर पोराने पुढचे दोन काढून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं असतं. कव्हर बिडाचं आहे. कान तुटला असता." बीड वाकत नाही, सरळ तुटतं, हेही मला तिथेच कळलं.

तेव्हापासून शंका आली की मी सरळ मूळ लेखकाला विचारतो. पहिल्यांदा विचारलं तेव्हा पलीकडचा गृहस्थ खरोखर गोंधळला. व्हॉल्व्ह एक की अनेक, असं मी विचारलं होतं. त्याचं उत्तर आलं: 'जितके असतील तितके.' त्याच्या बाजूने ते बरोबरच होतं. वाक्य लिहिताना त्याला तो प्रश्न पडलाच नव्हता. इंग्रजीने माझ्यामार्फत तो त्याच्यावर लादला होता.

परवा पुन्हा मेल आली, गिजुत्सुशा येताहेत. मी ताबडतोब उलट मेल करून विचारलं, किती? उत्तर तत्पर आणि नि:संदिग्ध: 'सानमेइ'. तीन जण, आणि 'मेइ' हे माणसं मोजायचं आदराचं परिमाण. मी आनंदाने ट्रॅव्हल्सवाल्याला फोन लावला. तो लागेपर्यंत मेलची पुढची ओळ वाचली. बरोबर 'निमोत्सु' आहे. निमोत्सु म्हणजे सामान. एक बॅग की मशीनच्या भागांच्या पेट्या, देव जाणे.

"बोला साहेब," पलीकडून आवाज आला, "किती?"

"माणसं तीन," मी म्हणालो. "मोठ्या डिकीची गाडी पाठव. किंवा गाड्या."