इंग्रजीत आठवणी लिहू इच्छिणाऱ्या आजोबांसाठी मार्गदर्शिका

न्यू जर्सीतल्या नातवंडांसाठी इंग्रजीत बालपण लिहायला बसणाऱ्या आजोबांनी सर्वप्रथम म्हैस बाजूला बांधावी. घोटाळा तिच्यापासूनच सुरू होतो.

जुन्या सवयी सांगायला ‘यूज्ड टू’ चालते तसे ‘वुड’ही चालते, असे आजोबांनी कुठेतरी वाचलेले असते. त्यातले ‘वुड’ जरा भारदस्त वाटते. मग पहिलेच वाक्य उमटते : ‘वी वुड हॅव अ बफलो.’ आजोबांच्या मनात, आमच्याकडे म्हैस असायची. नात मात्र वाचते, आमच्याकडे म्हैस असती. आणि पुढच्या ‘पण’ची वाट पाहत बसते. असती, पण काय? गोठा नव्हता? पणजोबांनी घेऊ दिली नाही?

यात नातीची चूक नाही. सवय सांगणाऱ्या ‘वुड’ला सुरू होणारी, संपणारी आणि पुन्हा सुरू होणारी गोष्ट लागते. दूध काढणे तसे आहे. म्हैस मालकीची असणे तसे नाही. ती सोमवारी आपली, मंगळवारी परकी आणि बुधवारी पुन्हा आपली, असे होत नाही. स्थिती सलग असली की ‘वुड’ला मोजायला काही उरत नाही आणि ते सरळ जर-तरच्या वाटेला लागते. मराठीतले ‘असायची’ सवय आणि स्थिती दोन्हीकडे बिनतक्रार राबत असल्यामुळे आपल्याला हा धोका दिसतच नाही.

म्हणून कृती अशी. आधी ‘यूज्ड टू’ने काळ पक्का करावा, मग ‘वुड’ सोडावे : ‘वी यूज्ड टू हॅव अ बफलो. एव्हरी मॉर्निंग माय ग्रँडमदर वुड मिल्क हर.’ यातले ‘एव्हरी मॉर्निंग’ गाळू नये. ‘यूज्ड टू’ एकटे उभे राहते, ‘वुड’ला काळाचा आधार लागतो.

अतिउत्साही इच्छुकांनी यानंतर ‘हॅव’ आणि ‘बी’ यांना कायमचे वाळीत टाकू नये. ‘वी वुड हॅव टी अ‍ॅट फोर’ निर्दोष आहे, कारण तिथे चहा बाळगायचा नसून प्यायचा आहे. वडील शिक्षक होते हे ‘ही वुड बी अ टीचर’ने सांगता येत नाही, पण ‘व्हेनेव्हर वी केम होम लेट, ही वुड बी ऑन द व्हरांडा’ खुशाल लिहावे. शंका आल्यास ‘किती वेळा?’ असे विचारून पाहावे. दर वेळी उशीर झाला की वडील व्हरांड्यात, हे उत्तर जमते. ‘किती वेळा शिक्षक होते?’ हा प्रश्नच वेड्यासारखा वाटतो. तिथे ‘यूज्ड टू’.

नकारात जास्त जपावे. म्हैस गोठ्यात जात नसे, एवढेच सांगायचे असेल तर ‘डिडन्ट यूज टू’ लिहावे. ‘वुडन्ट’ लिहिले की ती हटून बसायची, असा वास येतो. म्हैस खरोखरच तशी असेल, तर ‘वुडन्ट’च ठेवावे.