पैसे गेले, अर्ज राहिला

पुण्यात तक्रार लिहिणं हा एक साहित्यप्रकार आहे. इथल्या माणसाच्या नळाला सकाळी पाणी आलं नाही, तर तो पत्राची सुरुवात १९६१ च्या पानशेतच्या पुरापासून करतो, मधे दोन आयुक्तांना चिमटे काढतो आणि शेवटच्या ओळीत, जागा उरलीच तर, नळाचा उल्लेख करतो. वर्तमानपत्रांच्या वाचक-पत्रव्यवहारावर इथल्या काही पिढ्या पोसल्या गेल्या. पण या थोर परंपरेचा एका ठिकाणी कवडीइतकाही उपयोग होत नाही. त्या ठिकाणाला हेल्पडेस्क म्हणतात.

माझी भाची बार्शीहून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात आली आहे. नव्या पेठेतल्या एका अभ्यासिकेत ती सकाळी सातला बसते आणि रात्री दहाला उठते. अर्ज शेवटच्या दोन दिवसांत भरायचा, अशी तिच्या बॅचची पद्धत आहे. परीक्षा कोणती आणि संकेतस्थळ कोणाचं, हे मी सांगणार नाही. तिला पुढच्या वर्षीही तिथेच अर्ज करावा लागण्याची शक्यता आहे.

तारीख होती १० मार्च २०२५, अर्जाची मुदत १२ पर्यंत. फी १,००० रुपये. रात्री पावणेदहाच्या सुमारास तिने माझ्या फोनवरून यूपीआयने पैसे भरले. बँकेचा मेसेज तत्परतेने आला: खात्यातून १,००० रुपये वजा. बँका वजाबाकी कळवायला कधी उशीर करत नाहीत. संगणकावर मात्र एक चक्र फिरत होतं आणि खाली सूचना होती, ‘Do not press Back or Refresh’. आम्ही काहीही दाबलं नाही. मी तर श्वासही दाबूनच धरला होता. थोड्या वेळाने पान कोरं झालं. पुन्हा लॉगिन केल्यावर ओळ दिसली, ‘Payment Status: Unpaid’, आणि तिच्याखाली, झालं गेलं विसरून गेल्यासारखं, हिरवं बटण: ‘Pay Now’.

“मामा, परत भरू?” भाचीने विचारलं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. आमच्या इमारतीत कोणाचंही काही बिघडलं की ते त्यांना आधी कळतं. मी आत्याला फोन लावला. आत्या बँकेतून निवृत्त झाली आहे आणि तिची शेवटची कित्येक वर्षं हिशेबांचा ताळमेळ लावण्याच्या विभागात गेली. तिने नमस्कार-चमत्कार न करता सांगितलं, “त्या बटणाला हात लावू नका.”

मग तिने जे समजावलं ते इथे देतो, कारण पैसे कापले गेल्यावर माणूस सगळ्यात आधी घाबरतो तो याच गोष्टीच्या अज्ञानामुळे. पैसे जाणं आणि ‘पैसे मिळाले’ ही खबर जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे तुमच्या बँकेतून निघतात आणि अर्ज घेणाऱ्यांनी नेमलेल्या पेमेंट गेटवेच्या खात्याकडे जातात. खबर मात्र बऱ्याचदा तुमच्याच ब्राउझरच्या पाठीवर बसून परत येते. मधे नेट क्षणभर गेलं किंवा शेवटच्या तारखेच्या गर्दीत संकेतस्थळ गुदमरलं, की पैसे पोचतात आणि निरोप्या वाटेत पडतो. म्हणून चांगल्या व्यवस्थेत दुसरी वाटही असते: संकेतस्थळाचा सर्व्हर थेट गेटवेच्या सर्व्हरला विचारतो, “या अर्जाचे पैसे आले का हो?” काही संकेतस्थळं हे आपणहून थोड्या थोड्या वेळाने विचारतात. काही ‘Verify Payment’ असं बटण देतात आणि ते दाबल्यावरच विचारतात. आणि काही दुसऱ्या दिवशी बँकेकडून यादी आल्यावर जुळवणी करतात. तोपर्यंत त्यांच्या लेखी तुम्ही थकबाकीदार.

“तेव्हा आधी पासबुक बघ, नुसता मेसेज नको,” आत्या म्हणाली. “कधी कधी पाच मिनिटांत पैसे परत जमा झालेले असतात आणि माणसं तक्रार लिहीत बसलेली असतात.” बघितलं. परत आलेले नव्हते. ‘Verify Payment’ शोधलं. या संकेतस्थळाला ती चैन परवडलेली नव्हती. उरला हेल्पडेस्क.

“मजकूर मी देतो,” काका म्हणाले आणि सरसावून बसले. काकांची पत्रं तीन वर्तमानपत्रांत छापून आली आहेत आणि त्यांची कात्रणं त्यांच्या पाकिटात असतात. त्यांनी सांगितलेला मजकूर असा: “मा. महोदय, स. न. वि. वि. आपल्या संकेतस्थळाच्या कारभाराबद्दल आजवर केवळ ऐकून होतो. आज प्रत्यक्ष अनुभवाची संधी दिल्याबद्दल आपले आभार मानावेत तितके थोडेच. विद्यार्थ्यांची रक्कम स्वीकारण्यात आपण दाखवलेली चपळाई पोच देण्यातही दाखवली असती तर...” इथून पत्र डिजिटल इंडियावर गेलं, तिथून मेट्रोच्या कामावर आणि शेवटी, का कोण जाणे, नाट्यगृहांच्या स्वच्छतागृहांवर येऊन स्थिरावलं. मला मजकूर मनापासून आवडला. मी तो आत्याला फोनवर वाचून दाखवला.

ती म्हणाली, “छान आहे. आता यात शोधायचं काय?”

काका गोंधळले. आत्याने फोड करून सांगितलं. पलीकडे जो मुलगा बसलेला असतो त्याच्यासमोर एक रिकामा चौकोन असतो. त्यात तो एखादा क्रमांक टाकतो आणि ‘शोधा’ दाबतो. तुमचा उपरोध त्या चौकोनात टाकला तर ‘नोंद आढळली नाही’ असंच उत्तर येणार. मग तो मुलगा तुम्हाला लिहिणार, ‘कृपया आपला अर्ज क्रमांक कळवा’, तुम्ही आणखी चिडून कळवणार, आणि तोवर मुदत गेलेली असणार.

क्रमांक तीन लागतात. पहिला अर्जाचा. दुसरा, पैसे भरायला जाताना संकेतस्थळाने दिलेला व्यवहार क्रमांक. तो अर्जाच्या ‘Payment History’त सापडतो आणि गेटवे तुमचा व्यवहार त्याच नावाने ओळखतो. तिसरा बँकेच्या बाजूचा, यूपीआयचा १२ अंकी क्रमांक, ज्याला यूटीआर किंवा आरआरएन म्हणतात. गडबड होते ती तिसऱ्यात. पैसे भरण्याच्या अ‍ॅपमध्ये आणखी एक लांबलचक, अक्षरं मिसळलेला क्रमांक दिसतो. तो त्या अ‍ॅपचा घरगुती क्रमांक असतो; घराबाहेर त्याला कोणी ओळखत नाही. माणसं नेमका तोच पाठवतात. खरा क्रमांक फक्त अंकांचा असतो, आणि पासबुकातल्या नोंदीतही तोच छापलेला असतो.

“कशाने सुरू होतोय?” आत्याने विचारलं.

“५०६९,” मी सांगितलं.

“मग बरोबर. सहसा पहिला अंक सालाचा शेवटचा आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २८ आणि आजचे १०. एकोणसत्तर झाले की नाही?” झाले. काकांनी पहिल्यांदाच आदराने फोनकडे पाहिलं.

आता खरा पेच पुढे होता. मी म्हटलं, “बँकेकडेही तक्रार टाकतो, म्हणजे पैसे तरी परत येतील.” आत्या कडाडली, “तुला पैसे हवेत की परीक्षा?” अशा अडकलेल्या व्यवहाराचे शेवट दोनच. एक, खबर उशिरा पोचते आणि अर्ज ‘Paid’ होतो. दोन, खबर पोचत नाही आणि पैसे परत येतात. दुसऱ्याचा नियम रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये घालून दिला आहे: खात्यातून पैसे गेले पण व्यापाऱ्याकडे पुष्टी पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत जमा झाली पाहिजे, आणि त्यापुढे उशीर झाला तर रोजचे १०० रुपये भरपाई. म्हणजे १० तारखेचे पैसे १५ पर्यंत यायला हवेत. ते १८ ला आले तर वर ३०० रुपये. हिशेब ग्राहकाच्या बाजूचा आहे. पण आमची मुदत १२ ची होती. १५ तारखेला पैसे सन्मानाने परत आले असते आणि अर्ज तितक्याच सन्मानाने खराखुरा ‘Unpaid’ ठरला असता. म्हणून मागायचं काय, हे मजकुरात स्पष्ट हवं: परतावा नको, पडताळणी करून भरणा नोंदवा.

अखेर पाठवलेला मजकूर असा होता. क्रमांक मात्र इथे छापत नाही. पुण्यात त्यांवर कोण परीक्षेला बसेल सांगता येत नाही.

“विषय: फी वजा, अर्ज Unpaid. अर्ज क्र. (...). मुदत १२ मार्च.
१) रक्कम १,००० रुपये, १० मार्च २०२५, रात्री ९.४२, यूपीआय.
२) संकेतस्थळाचा व्यवहार क्र. (...). यूटीआर (१२ अंकी) (...).
३) रक्कम बँक खात्यातून वजा; आत्तापर्यंत परत जमा नाही. पासबुकातील नोंद जोडली आहे.
४) विनंती: गेटवेकडे पडताळणी करून भरणा अर्जावर नोंदवावा. परतावा नको आहे.
५) दुसऱ्यांदा फी भरलेली नाही. नोंद शक्य नसल्यास मुदतीआधी कळवावे.
अर्जदाराचे नाव, नोंदणीकृत मोबाइल.”

पासबुकाच्या पानावरच्या बाकी ओळी आत्याने झाकायला लावल्या. पिन, ओटीपी, कार्डाचे अंक कोणालाही द्यायचे नाहीत, आणि हीच तक्रार समाजमाध्यमांवर मांडायची नाही, हेही तिने बजावलं. तिथे हेल्पडेस्कच्या आधी भामटा धावून येतो, आणि तो फार गोड बोलतो. पैसे परत घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. मागितला की समजायचं.

आणि एक सीमाही ठरली. १२ च्या दुपारपर्यंत काही हललं नाही, तर नियमावलीतलं परताव्याचं कलम वाचून दुसऱ्यांदा फी भरायची. एक वर्ष हजार रुपयांपेक्षा महाग असतं. दोनदा भरलेल्याचं भांडण नंतर सावकाश करता येतं.

ती वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बँकेच्या यादीशी जुळवणी झाली असावी. अर्जावर ‘Paid’ उमटलं. हेल्पडेस्कचं उत्तर मात्र त्यानंतर आलं, आणि तेही काकांना. त्यांनी आपला मजकूर गुपचूप स्वतःच्या ईमेलवरून पाठवला होता, कारण असं लेखन वाया घालवणं त्यांच्या जिवावर आलं होतं. उत्तर एका ओळीचं होतं: “कृपया आपला अर्ज क्रमांक कळवा.” काकांचा अर्जच नसल्यामुळे तो पत्रव्यवहार अजून चालू आहे.

वाचकहो, तुमच्यावर ही वेळ आली तर पासबुक बघा, तीन क्रमांक काढा आणि काय हवं ते एका वाक्यात मागा. मजकूर झाला की त्यातली विशेषणं शोधा. एकही सापडलं नाही, तर पाठवा.