परत तेच झालंय

रात्री दीड वाजता चाकणच्या एका कारखान्यातला लाईन इन्स्पेक्टर भोसरीच्या प्रेस शॉपला व्हॉट्सअ‍ॅप टाकतो: "दादा, परत तेच झालंय. कालच्या लॉटमधले ४० बाजूला काढलेत. उद्या माणूस पाठवा, नाहीतर लाईन थांबेल." समोरून अंगठा येतो. दोघांना सगळं कळलेलं असतं.

सकाळी साहेब म्हणतात, "मेलवर टाक." तो टाकतो: 'व्हॉट्सअ‍ॅपवर कळवल्याप्रमाणे तोच प्रॉब्लेम आला आहे. स्क्रीनशॉट जोडला आहे.' आता ही मेल पर्चेसवाल्यांना जाते, भोसरीच्या मालकांना जाते आणि काही महिन्यांनी ऑडिटर उघडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर यातलं कोणीच नव्हतं!

'तेच' म्हणजे काय? बर् की चुकलेलं भोक? 'काल' आणि 'उद्या' तर थर्ड शिफ्टचे खास शत्रू. मंगळवारी रात्री कामावर आलेल्या माणसाचा दीड वाजताही मंगळवारच चालू असतो. त्याचा 'उद्या' बुधवार. मोबाईलवर मात्र बुधवार उजाडलेला, म्हणून वाचणाऱ्याचा 'उद्या' गुरुवार. आणि गुरुवारी भोसरी एमआयडीसीला साप्ताहिक सुट्टी. माणूस येणार कुठून?

४० हा आकडाही अर्धवटच. चाळीस तपासून चाळीस खराब निघाले, तर लॉटच गेला. शंभरांत चाळीस असतील, तर निवडून लाईन चालवता येते.

शेवटी साहेबांनी शेजारी बसून लिहून घेतलेली मेल अशी:

'विषय: डावा ब्रॅकेट, चलन 1147, भोक लहान, सॉर्टिंगसाठी माणूस हवा, बुधवार 12 मार्च दुपारी 2 पर्यंत.

10 मार्चला आलेल्या 500 पीसपैकी 100 तपासले. 40 मध्ये माउंटिंगचं भोक 7.8 मिमी भरलं. ड्रॉइंगप्रमाणे किमान 8.5 हवं. एम8 बोल्ट आत जात नाही. हीच तक्रार 24 फेब्रुवारीलाही दिली होती. खराब 40 लाल बिनमध्ये आहेत, न तपासलेले 400 होल्डवर आहेत. जुना माल दुपारी 3 पर्यंत पुरेल. येणाऱ्याचं नाव 11 पर्यंत कळवावं. मोजमापाचे फोटो जोडले आहेत.'

इन्स्पेक्टरला शेवटी 'पंच झिजला आहे' असंही ठोकायचं होतं. झिजलेल्या पंचानं भोक लहान पडतं, हे खरंच; पण पंच त्यानं पाहिलेला नव्हता. फोर्डनं 1987 मध्ये आणलेल्या 8डी पद्धतीतही प्रॉब्लेमचं वर्णन दुसऱ्या पायरीवर, तात्पुरता बंदोबस्त तिसऱ्या आणि मूळ कारण चौथ्या पायरीवर येतं. त्यामुळे साहेबांनी ते वाक्य खोडलं. भोसरीवाल्यांचं घर त्यांनाच तपासू दे.

मेल धाडण्याआधी ती स्टोअर्समधल्या माणसाला वाचायला द्यावी. त्यानं "म्हणजे कुठला?" असं विचारलं, की तिथे एक आकडा किंवा तारीख राहिलेली असते. आणि कृपा करून विषयाच्या जागी नुसतं 'अर्जंट' लिहू नका. त्या नावाच्या मेल भोसरीत रोज ढिगानं येतात.