टाकलेत हो शेठ, बघा ना!

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीचा सौदा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतो. ढिगाभोवती माणसं उभी असतात, बोली मोठ्या आवाजात लागते, काट्यावर दहा जणांची नजर असते. घेणारा कांडी उचलतो, कट्कन मोडतो, आतला रंग बघतो, वास घेतो आणि तरीही तोंड वाकडं करतो. मालाच्या बाबतीत इथे कुणी सख्ख्या भावाच्या शब्दावरही गोणी घेणार नाही. पण हाच माल गाडी भरून दूरच्या गावच्या खरेदीदाराकडे गेला, की त्याचे तेरा लाख रुपये मात्र फोनवरच्या एका वाक्यावर जमा धरायचे असतात : ‘टाकलेत हो शेठ, बघा ना!’ कांडी मोडून बघणाऱ्या माणसाने हे वाक्य मोडून बघितलं, तर तो मात्र संशयी ठरतो. माझं म्हणणं असं, की ते मोडूनच बघावं. आणि तसं करण्यात समोरच्याचा अपमान मुळीच नाही, कारण ‘टाकलेत’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. तो खरंच बोलत असतो, फक्त ते खरं पैशांच्या प्रवासातल्या कुठल्या मुक्कामाचं आहे, हे त्यालाही ठाऊक नसतं.

मुक्काम बघा. शेठनी मुनिमाला सांगितलं, ‘हिंगोलीवाल्याचे टाकून द्या.’ शेठच्या दृष्टीने पैसे तिथेच गेले. मुनिमाने ते बँकेच्या संगणकावर भरले; त्याच्या दृष्टीने आता गेले. पण पेढीच्या खात्यावर बहुधा दोघांची मंजुरी लागते : एकाने भरायचं आणि दुसऱ्याने पास करायचं. हा दुसरा म्हणजे शेठचा मुलगा, आणि तो लग्नाला गेलेला असतो. म्हणजे पैसे गेले असं म्हणणारी दोन माणसं आहेत, आणि पैसे अजून त्यांच्याच खात्यात आरामात बसलेत. त्यात तुमचं खातं त्यांच्या बँकेत नव्याने जोडलेलं असेल, तर काही तास थांबा किंवा मोठी रक्कम लगेच पाठवता येत नाही असा बँकेचा नियम आडवा येतो. या सगळ्या मुक्कामांवर संगणक काही ना काही नंबर छापतोच. भरल्याचा नंबर, विनंती मिळाल्याचा नंबर. मुनीम त्याचा फोटो काढून प्रामाणिकपणे पाठवतो. फोटोत हिरवी खूण असते, मोठ्या अक्षरात रक्कम असते, आणि खाली बारीक अक्षरात, मंजुरी बाकी असल्याचं लिहिलेलं असतं. बारीक अक्षरं वाचायची सवय आपल्याला विम्याच्या कागदांनीसुद्धा लावली नाही, तर मुनिमाचा फोटो काय लावणार!

म्हणून मागायचा तो यूटीआर नंबर. पैसे खरोखर बँकेतून निघतात तेव्हाच हा जन्माला येतो, आधी नाही. दोन लाखांपासून पुढची रक्कम आरटीजीएसने जाते, तेव्हा तो बावीस अक्षरांचा असतो. एनईएफटीचा बहुधा सोळांचा. आयएमपीएस आणि यूपीआयचा संदर्भ क्रमांक बारा आकडी. नुसती अक्षरं मोजली तरी निम्मा उलगडा होतो : आरटीजीएस केलं म्हणणाऱ्याने आठ आकडी नंबर पाठवला, तर तो नंबर त्यांच्या संगणकाचा घरगुती नंबर आहे, वाटेवरचा नव्हे. आणि बावीस अक्षरी नंबर तर चक्क वाचता येतो. नमुना म्हणून असा एक घ्या : `ABCDR52025041700012345`. पहिली चार अक्षरं पाठवणाऱ्या बँकेची, `R` आरटीजीएसचा, पुढचा एक आकडा कुठल्या मार्गाने पाठवले त्याचा, मग आठ आकड्यांत वर्ष-महिना-दिवस, आणि उरलेले आठ त्या दिवसाच्या क्रमाचे. म्हणजे हा नंबर १७ एप्रिल २०२५ चा. खरेदीदार जर म्हणत असेल, की पैसे दहा तारखेलाच टाकले आणि तुमचीच बँक झोपली आहे, तर झोप कुणाची हे नंबरच सांगतो. काही खरेदीदारांना यूटीआर सोडून बाकी सगळं द्यायला आवडतं, अगदी चहासुद्धा, त्याचं कारण मला इथे सापडतं.

आता कुणी म्हणेल, एवढी उठाठेव कशाला? स्वतःच्या खात्यात बघा. आले तर आले, नाही तर नाही. हा आक्षेप अर्धा अगदी बरोबर आहे. पैसे मिळाल्याचा पुरावा फक्त आपलं स्वतःचं खातं. समोरच्याने पाठवलेला कुठलाही कागद, फोटो किंवा पीडीएफ हा पाठवल्याचा दावा आहे, मिळाल्याची पावती नव्हे. हुबेहूब फोटो बनवून देणारी नकली ॲप फिरत असल्याचं वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचलं आहेच. पण खात्यात पैसे नाहीत एवढंच कळून शोध संपत नाही, तिथे तो सुरू होतो. पैसे निघालेच नाहीत, की निघून वाटेत आहेत, की परत गेले, की दुसऱ्याच्या घरी पोचले? आरटीजीएसची रक्कम समोरच्या बँकेने साधारण अर्ध्या तासात जमा करायची असते. एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या खेपेने जातं, आणि खेप उतरल्यावर दोन तासांत जमा करा किंवा परत पाठवा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. उशीर केला तर बँकेने रेपो दरावर दोन टक्के जास्त व्याज द्यायचं. पूर्वी ‘आज रविवार आहे’ हे एक तयार उत्तर असे. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस वर्षभर चोवीस तास चालू झालं, आणि त्या बिचाऱ्या रविवारची नोकरी गेली. पण हे सगळे नियम हातात असून उपयोग काय, जर शाखेत जाऊन ‘साहेब, एकाने पैसे टाकलेत म्हणतो’ एवढंच सांगायचं असेल? यूटीआर दिला की साहेब पाच मिनिटांत शोधून देतात. न दिला तर तेही म्हणतात, बघतो.

आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग त्याहून मजेशीर आहे. समजा, पैसे खरंच आले. गाडी शंभर क्विंटलची, भाव सोयीसाठी तेरा हजार धरू, म्हणजे बिल तेरा लाखांचं. जीएसटी जरा बाजूला ठेवू, तो आला की विनोद संपतो. खात्यात दिसतात बारा लाख नव्वद हजार नऊशे. हे काय आहे? पूर्ण पैसे, की उधारीचा एक हप्ता, की मागच्या बिलाचे उरलेले? आता खरेदीदाराच्या पेढीने पैशांसोबत तपशिलाची चिठ्ठी दिली असती, तर तिथे लिहिलं असतं : बिल क्रमांक अमुक, वर्षाची खरेदी पन्नास लाखांवर गेल्यामुळे ०.१ टक्का टीडीएस तेराशे रुपये, काट्यावर साठ किलो घट, तिचे सात हजार आठशे. बेरीज जुळली, झगडा कुठे करायचा तेही कळलं. तेराशे रुपये बुडाले नाहीत. ते सरकारकडे आपल्या पॅनवर जमा दिसायला हवेत, आणि पुढे तसे दिसले नाहीत तर त्या चिठ्ठीशिवाय विचारणार कसं? घटीचे सात हजार आठशे मात्र वादाचे आहेत. वजन कुणाच्या काट्यावर झालं, पोतं धरून की सोडून, गाडी वाटेत किती दिवस होती आणि वाळत गेली का, हे आत्ताच विचारायला हवं. सहा महिन्यांनी नाही. चिठ्ठी नसेल तर मुनीम ही रक्कम मोघम जमा करून टाकतो, आणि मार्चमध्ये दोन्ही पेढ्यांचे मुनीम खाती जुळवायला बसतात. दोघांकडेही आकडे असतात, दोघांचेही बरोबर असतात, आणि जुळत नाहीत. मराठवाड्यात उन्हाळा लवकर सुरू होतो, त्याला हेही एक कारण असावं.

सगळ्यांत जुना आक्षेप विश्वासाचा : ‘वीस वर्षांचा व्यवहार, आणि आता नंबर मागता?’ या प्रश्नापुढे भला भला अडत्या विरघळतो. पण जुन्या पेढ्यांचे व्यवहार बघितले तर उलटंच दिसतं. हुंडी हा तर केवळ पतीवरचा कारभार. तरी हुंडी काढणारा सावकार तिकडच्या पेढीला वेगळं पत्र घालून कळवत असे, हरवली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ निघे, आणि पैसे दिल्यावर सकारलेली हुंडी खोका म्हणून पैसे देणाऱ्याकडे जपून राही. ज्या लोकांनी पतीवर लाखांचे व्यवहार केले, त्यांनीच कागदाचा इतका पसारा मांडला होता. अविश्वास होता म्हणून नव्हे, तर व्यवहार दोन गावांत वाटलेला होता म्हणून. फोन आल्यावर गावं जवळ आली असं आपल्याला वाटतं. पैसे अजूनही दोन बँकांच्या मधून जातात.

शिवाय नंबर मागण्यात फायदा मागणाऱ्यापेक्षा देणाऱ्याचा जास्त, हे त्याला समजावलं तर तो रागवायचं विसरतो. कुणी तुमच्या नावाने नकली ईमेल घालून ‘आमचं खातं बदललं आहे’ असं खरेदीदाराला कळवलं, तर तो खरे पैसे, खऱ्या यूटीआरने, चोराच्या खात्यात टाकतो. त्याचा पुरावा अस्सल असतो! रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय बँकांना करायला सांगितली, पण ते नाव वाचायचं काम मुनिमाचंच राहिलं. म्हणून नंबरासोबत जमा खात्याचे शेवटचे चार आकडेही मागायचे. ते जुळले नाहीत तर त्याच तासाला खरेदीदाराने त्याच्या बँकेत धाव घ्यायला हवी, कारण गेलेले पैसे परत मागायचा दरवाजा पाठवणाऱ्याच्या बँकेतूनच उघडतो. आपण हिंगोलीत कितीही आरडाओरडा केला तरी उपयोग नाही. आठ दिवस ‘टाकलेत’ आणि ‘नाही आले’ असं प्रेमाने म्हणत बसलं, तर तोवर ते खातं रिकामं झालेलं असतं.

मग मागायचं कसं? तंबी देऊन नाही आणि लाजतही नाही. ‘शेठ, मुनिमाला सांगून यूटीआर, तारीख, बिल नंबर, खात्याचे शेवटचे चार आकडे आणि काही कापलं असेल तर ते, एवढं लिहून पाठवायला सांगा; मी बँकेत लगेच लावून घेतो.’ मुनिमाचा विषय काढल्याने शेठचा मान राहतो. आणि हे वाक्य बोलायची उत्तम वेळ म्हणजे दुसरी गाडी भरून उभी असताना, ड्रायव्हर ताडपत्री बांधत असताना. तेव्हा शेठचा मुलगा लग्नातूनही फोनवर मंजुरी देतो.